दशक-एककाची वर्कशीट, इयत्ता दुसरी (ठोकळ्यांच्या चित्रांसकट)

मोठ्यांसाठी आधी थोडंसं: ही एका बैठकीत संपवायची नाहीये. भाग १ आणि २ सोपे आहेत, ते एकदम झाले तरी चालतील, पुढे मात्र रोज एकच भाग घ्या, कारण भाग ५ ला खरी गंमत आहे आणि तिथे दमलेलं पोरगं नको. उत्तरं वहीत लिहायची, चित्रंही वहीतच. चित्र काढताना दांडा म्हणजे एक उभी रेघ आणि सुटा म्हणजे एक टिंब, एवढं पुरे, पट्टी घेऊन चौकोन आखत बसलात तर अर्धा तास त्यातच जातो. उत्तरं शेवटी आहेत, तेवढी झाकून ठेवा.

आता तुझ्यासाठी.

▫ हा एक सुटा ठोकळा. असे दहा सुटे एकमेकांना चिकटवले की एक दांडा होतो:

▫▫▫▫▫▫▫▫▫▫ = ▮

दांडा म्हणजे दशक, सुटा म्हणजे एकक. हे बघ, मी एक करून दाखवते:

▮▮▮ ▫▫▫▫▫

दांडे ३, सुटे ५. म्हणजे ३ दशक ५ एकक. दांडे मोजायचे दहा, वीस, तीस, मग सुटे पुढे मोजायचे एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस, पस्तीस. संख्या ३५.

भाग १: नुसतं मोज

दांडे किती, सुटे किती, संख्या कोणती, तिन्ही लिही.

१) ▮ ▫▫▫▫

२) ▮▮ ▫▫▫▫▫▫

३) ▮▮▮ ▫

४) ▮▮▮▮▮ ▫▫▫▫▫▫▫▫

भाग २: नीट बघ हं, घाई नको

इथे कधी सुटेच नाहीत, कधी दांडेच नाहीत, आणि कधी सगळं इकडेतिकडे पडलंय. सुटे आधी काढलेत म्हणून संख्या बदलत नाही, दांडा कुठेही ठेवला तरी तो दहाच असतो.

५) ▮▮▮▮

६) ▫▫▫▫▫▫▫

७) ▫▫▫▫▫ ▮▮

८) ▫ ▮ ▫▫ ▮▮ ▫

५ व्या प्रश्नात एककाच्या जागी काय लिहिणार? जागा रिकामी सोडलीस तर वाचणाऱ्याला ते ४ च वाटेल.

भाग ३: आता चित्र तू काढ

९) या संख्यांचे दांडे आणि सुटे काढ: १८, ४२, २४, ६०. झाल्यावर ४२ आणि २४ शेजारी शेजारी ठेवून बघ, अंक तेच आहेत ना, मग चित्रं सारखी का नाहीत ते तोंडी सांग.

१०) आता संख्या अक्षरात दिल्यात. आधी चित्र काढ, मग अंकात लिही: छत्तीस, त्रेसष्ट, एकोणतीस, एकोणपन्नास.

(मोठ्यांसाठी: इथे बहुतेक मुलं गडबडतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. छत्तीस म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, म्हणून ६३ लिहिलं जातं. एकोणतीस तर अजून अवघड, कानाला तीस लागतं पण दांडे दोनच काढायचे, कारण तिसाला एक कमी. लगेच उत्तर सांगू नका, "तीसचे दांडे काढ आणि त्यातला एक सुटा काढून टाक" एवढंच म्हणा, मग तिसरा दांडा फोडावा लागतोय हे त्याचं त्यालाच दिसेल.)

११) ७७ मध्ये दोन सात आहेत. डावीकडचा सात म्हणजे किती ठोकळे? उजवीकडचा सात म्हणजे किती?

भाग ४: कोण मोठं आणि कोणाचं चुकलं

१२) जास्त ठोकळे कुठे आहेत?

अ) ▮▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫

आ) ▮▮▮ ▫

अ चं चित्र लांबलचक दिसतंय, पण दांड्याच्या आत किती लपलेत ते विसरू नकोस.

१३) एकीला ४५ काढायचे होते, तिने हे काढलं: ▮▮▮▮▮ ▫▫▫▫. हे किती झाले? तिचं काय उलटं झालं?

१४) एकाने ▮▮▮ ▫▫▫▫▫ बघितलं, दांडे मोजून ३० लिहिले, मग सुटे मोजून पुढेच ५ लिहिला आणि त्याची संख्या झाली ३०५! बरोबर संख्या कोणती? त्याला समजावून सांगायचं असेल तर तू काय सांगशील?

भाग ५: दहा झाले की बांध

सुटे दहा किंवा जास्त झाले की त्यातल्या दहांभोवती गोल कर, तो गोल म्हणजे नवा दांडा. बघ:

▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫

सुटे १२ आहेत. दहांचा एक दांडा केला, उरले २. आता झालं ▮▮ ▫▫ म्हणजे २२. ठोकळे एकही वाढला नाही की कमी झाला नाही, फक्त बांधले.

१५) ▮▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫

१६) ▮▮▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫▫

१७) ▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫▫ (इथे गोल एकापेक्षा जास्त होतील)

१८) ३४ ठोकळे किती वेगवेगळ्या प्रकारे काढता येतील? एक मी देते: ३ दांडे आणि ४ सुटे. बाकीचे तू शोध.

१९) मला ५२ करायचेत पण माझ्याकडे दांडे ४ च आहेत. सुटे किती घेऊ?

(अडकलं तर चित्र बाजूला ठेवा आणि काड्या घ्या, दहाचा गठ्ठा करून रबरबँड लावा. स्वतःच्या हाताने गठ्ठा बांधला आणि सोडला की कागदावरचं पटकन कळतं.)

भाग ६: डोकं लढव

२०) ▮▮▮▮ ▫▫ यात अजून एक दांडा ठेवला. आता किती? कुठला अंक बदलला, कुठला तसाच राहिला?

२१) ▮▮▮▮ यातून फक्त एक ठोकळा काढायचाय. सुटा तर एकही नाही! काय करशील? उरले किती?

२२) माझ्या चित्रात दांडे आणि सुटे मिळून ५ च वस्तू आहेत. माझी संख्या कोणती असू शकते? उत्तर एकच नाहीये, जेवढी सापडतील तेवढी लिही, सगळी सापडली असं कशावरून ते पण सांग.

२३) ओळख मी कोण: माझे दांडे सुट्यांच्या दुप्पट आहेत आणि दोन्ही मिळून वस्तू ९ आहेत.

२४) ▮▮▮▮▮▮▮▮▮ ▫▫▫▫▫▫▫▫▫ यात एक सुटा टाकला. आता बांधत जा, थांबू नकोस. काय होतं?

उत्तरं (मोठ्यांनी बघायची)

भाग १: १४, २६, ३१, ५८.

भाग २: ४०, ७, २५, ३४. एककाच्या जागी ०.

भाग ३: ९) १ दांडा ८ सुटे, ४ दांडे २ सुटे, २ दांडे ४ सुटे, ६ दांडे आणि सुटा नाही. १०) ३६, ६३, २९, ४९. ११) ७० आणि ७.

भाग ४: १२) आ मध्ये, ३१, अ मध्ये २९ च आहेत. १३) ५४ झाले, दशक-एककाची अदलाबदल झाली. १४) ३५. समजावणं कुठल्याही शब्दात चालेल, "तीन हे दांडे आहेत, शून्याच्या जागीच पाच बसतो" असं काहीतरी आलं म्हणजे झालं.

भाग ५: ३३, ४०, ३१. १८) ३ दांडे ४ सुटे, २ दांडे १४ सुटे, १ दांडा २४ सुटे, नुसते ३४ सुटे. १९) १२.

भाग ६: २०) ५२, दशकाचा अंक बदलला, एककाचा तसाच. २१) एक दांडा फोडायचा, उरले ३९. २२) ५०, ४१, ३२, २३, १४, ५. यात ५ बहुतेक राहून जातो, दांडा नसला तर चालेल का असं विचारून बघा. दांडे ५ वरून एकेक कमी करत ० पर्यंत आलं की सगळी सापडली. २३) ६३. २४) सुटे दहा झाले, त्यांचा दांडा झाला, मग दांडेच दहा झाले. ते दहा दांडे एकत्र म्हणजे १००, त्याला शतक म्हणतात.