मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मेसेजबद्दल

सगळ्यांना नमस्कार. काल रात्री सुमनकाकूंनी टाकलेला व्हिडिओ आणि त्याखालचा 'मुलं पळवून किडनी काढून विकणारी टोळी फिरतेय' हा मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. काकू, तुम्ही काळजीपोटीच पाठवलात, कळतंय. त्यात खरं किती हे विचारून घेऊन लिहितेय. जरा लांबेल, पण आजींना कोणीतरी वाचून दाखवा, त्यांना रात्रभर झोप नाही.

आधी मुद्द्याचं. आपल्या भागात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही. सकाळी दादा पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आला. शाळेच्या ऑफिसातही फोन केला, त्यांनी असली कुठलीच सूचना काढलेली नाही. मेसेजमधली 'पोलीस खात्याची सूचना' कुठल्या ठाण्याची, कुठल्या तारखेची, काही पत्ता नाही. 'शेजारच्या गावातून दोन मुलं उचलली' म्हटलंय, पण गावाचं नाव नाही. नाव नसलं की मेसेज नाशकातही चालतो आणि नागपुरातही.

व्हिडिओ जुना आहे, आणि आपल्या देशातलाही नाही. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढंच आपल्याला दिसतं. मूळ व्हिडिओ कराचीतला, मुलांवर लक्ष ठेवा हे सांगायला मुद्दाम केलेला. त्यात पुढे तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातली पाटी दाखवतात. तो शेवट कापून हा तुकडा २०१८ पासून फिरतोय. किडनी काढून विकतात हेही पटण्यासारखं नाही. रक्तगट जुळावा लागतो, ऑपरेशन थिएटर लागतं, डॉक्टरांची अख्खी टीम लागते. गाडीत घालून नेलं आणि काढली, असं ते काम नाही.

एवढं का लिहितेय, तर याच अफवेने आपल्याकडे माणसं मेली आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच रात्री मालेगावात लहान लेकरू बरोबर असलेल्या कुटुंबालाही जमावाने घेरलं होतं, त्यांना पोलिसांनी सोडवलं म्हणून ते वाचले.

म्हणून विशाल, तुला खास सांगणं. गल्लीत आलेल्या चादरवाल्याचा फोटो 'हाच असेल का' म्हणून टाकलायस, तो आत्ता काढ, 'सर्वांसाठी डिलीट' कर. सोसायटीच्या ग्रुपवरही गेला असेल तर तिथूनही. तो माणूस दर हिवाळ्यात येतो, आईने मागच्या वर्षी त्याच्याकडूनच सोलापुरी चादर घेतली होती. घासाघीस करून.

आता पोरांचं. वहिनी, ओवीला घरी ठेवायची गरज नाही, उद्या शाळेत पाठव. मुलं हरवतच नाहीत असं मी म्हणत नाही. काळजी घ्यायचीच, पण ती रोजची असू दे. शाळेतून आणायला कोण येणार ते मुलांना आणि बाईंना आधी माहीत असावं. ओवीला आई-बाबांचे नंबर तोंडपाठ हवेत (आर्यनला गाड्यांचे नंबर पाठ आहेत, घरचा एकही नाही). नेहमीचं सोडून दुसरं कोणी न्यायला आलं, अगदी ओळखीचं असलं, तरी आधी घरी फोन करायचा हे दोघांच्या डोक्यात घाला.

आणि देव न करो, पण मूल खरंच दिसेनासं झालं तर २४ तास थांबायचं नसतं. लगेच ११२ लावायचा आणि ठाण्यात जायचं. अठराखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. एकटं, भेदरलेलं मूल कुठे दिसलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. कोणाचा संशय आला तरी ११२. आपण अडवायचं नाही, गर्दी जमवायची नाही.

काकू, तुमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही तो मेसेज गेलाय म्हणालात. तिथे हे टाका, कॉपी करून घ्या:

"काल मी पाठवलेला मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज खरा नाही. व्हिडिओ जुना आणि बाहेरच्या देशातला आहे. पोलीस ठाण्यात विचारलं, आपल्या भागात अशी तक्रार नाही. कृपया तो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेही हे कळवा. अनोळखी फेरीवाले किंवा भिक्षेकरी यांचे फोटो काढून टाकू नका. संशय वाटला तर ११२ वर फोन करा."

ओवीला उद्या साडेबाराला शाळेतून मीच आणेन. वहिनी, बाईंना तसं कळवून ठेव.

– मेघा