कॅश फ्लो अंदाज: दोन मजली बांधकाम, महिना 1 ते 7

दादा, सगळे आकडे लाखात. काम 120 चं, हातात 8, बँकेची ओडी लिमिट 15. टॅक्स धरला नाहीये, तो आपला पैसा नाहीच. क्लायंट बिल दिल्यापासून 30 दिवसांनी पैसे टाकतो असंच धरलंय, आधी आले तर बोनस.

टप्पे: अ‍ॅडव्हान्स 12, प्लिंथ 24, पहिला स्लॅब 24, दुसरा स्लॅब 24, प्लास्टर 18, ताबा 12, आणि रिटेन्शन 6, जे ताब्यानंतर वर्षभराने सुटणार म्हणून खालच्या तक्त्यात नाही.

| महिना | आवक | जावक | शिल्लक |
|---|---|---|---|
| 1 | 12 | 11 | 9 |
| 2 | 0 | 17 | -8 |
| 3 | 24 | 19 | -3 |
| 4 | 24 | 20 | 1 |
| 5 | 24 | 18 | 7 |
| 6 | 18 | 16 | 9 |
| 7 | 12 | 5 | 16 |

वरवर बघितलं तर जास्तीत जास्त 8 ची ओढ दिसते आणि ओडीत बसतं, पण हे महिन्याअखेरचे आकडे आहेत आणि खरी अडचण मधेच आहे. तिसऱ्या महिन्याची जावक 19, त्यात सळई 8, सिमेंट आणि रेडीमिक्स 4, मजुरी आणि सेंट्रिंग 6, बाकी किरकोळ 1. सळईवाल्याची उधारी 10 तारखेला संपते, मजुरी दर शनिवारी द्यावीच लागते, आणि प्लिंथचे 24 येणार 25 तारखेला. म्हणजे 24 तारखेपर्यंत 15 बाहेर गेलेले असतील आणि खातं -23 वर. लिमिटच्या 8 बाहेर! चेक परत गेला तर पुढची सळई उधारीवर मिळणार नाही आणि पहिला स्लॅबच अडकेल, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.

दोन गोष्टी करायच्यात. प्लिंथच्या 24 मधले 10 फुटिंग झाल्यावर मागायचे, फुटिंग महिना 1 अखेर होतंय म्हणजे ते महिना 2 अखेर येतील, मग महिना 2 ची शिल्लक +2 आणि 24 तारखेचा तळ -13. लिमिटमध्ये आहे पण फक्त 2 ची जागा, एक बिल लांबलं की संपलं. म्हणून सळईवाल्याकडे 10 ऐवजी 28 तारीख मागायची, तळ -5 वर येतो. मजुरीला हात लावायचा नाही, माणसं सोडून गेली तर परत मिळत नाहीत.

महिना 4 मध्ये पण लक्ष ठेवा. पहिल्या स्लॅबचे पैसे 15 तारखेला आणि तोवर 10 बाहेर, म्हणजे पुन्हा -13. तेव्हा स्लॅबचं मोजमाप क्लायंटच्या इंजिनिअरकडून महिना 3 च्या 15 तारखेलाच सही करून घ्यायचं, एक आठवडासुद्धा पुढे ढकलायचं नाही.

फुटिंगच्या टप्प्याचं क्लायंटशी करारावर सही व्हायच्या आधी बोला, नंतर कोणी ऐकत नाही. सळईवाल्याशी मी या आठवड्यात बोलतो, आणि दर शनिवारी मजुरी दिल्यावर खरे आकडे टाकून तक्ता परत पाठवतो.