वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल : श्री. विलास भोईर, पिकर, दिवसपाळी

केंद्र : वितरण केंद्र, मानकोली, भिवंडी
मूल्यमापनाचा कालावधी : 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025
मूल्यमापन करणारे : पर्यवेक्षक, दिवसपाळी
अहवाल पुढे सादर : केंद्र व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभाग

श्री. भोईर या केंद्रात पाचव्या वर्षी काम करीत असून साबण, शाम्पू, दंतमंजन आणि घरगुती स्वच्छतेच्या मालाचे पिकिंग हे त्यांचे मुख्य काम आहे. अचूकता, वेग, सुरक्षिततेच्या सवयी आणि गैरहजर सहकाऱ्यांच्या जागी काम करण्याची तयारी या चार निकषांवर त्यांच्या वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन खाली नोंदविले आहे. हे चार निकष सुटे वाचू नयेत, अशी माझी वाचणाऱ्यांना विनंती आहे, कारण यांतील चौथ्या निकषावर त्यांनी जे गुण मिळविले, त्याची किंमत त्यांना पहिल्या निकषावर मोजावी लागली आहे आणि ती बाब आकड्यांत स्पष्ट दिसते.

पिकिंगची अचूकता (भारांक 40 टक्के)

वर्षभरात श्री. भोईर यांनी 1,06,400 लाइन पिक केल्या. पॅकिंगच्या टेबलावरील तपासणीत आणि वितरकांकडून आलेल्या तक्रारींत मिळून त्यांच्या नावावर 117 चुका नोंदल्या गेल्या, म्हणजे त्यांची अचूकता 99.89 टक्के असून केंद्राचे उद्दिष्ट 99.7 टक्के आहे. या 117 चुकांपैकी 71 नगसंख्येच्या, 29 चुकीच्या आकाराच्या किंवा प्रकाराच्या आणि 17 चुकीच्या बॅचच्या आहेत. नगसंख्येच्या बहुतेक चुका सुट्या मालाच्या विभागात झाल्या, जिथे एकाच मालाचे सहाचे आणि बाराचे आतील पॅक शेजारी ठेवलेले असतात आणि स्कॅनरच्या पडद्यावर नुसता आकडा येतो, तो नगांचा की पॅकचा हे पटकन कळत नाही. ही मांडणी बदलण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते मे महिन्यात पूर्ण केले जाईल.

टक्केवारीत न दिसणारी एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवीत आहे. किमती बदलल्यानंतर काही आठवडे जुन्या आणि नव्या छापील किमतीचा माल एकाच कप्प्यात येतो. दोन्हींचा बारकोड तोच असल्याने स्कॅनर दोन्ही स्वीकारतो आणि यंत्रणेच्या दृष्टीने पिकिंग बरोबरच ठरते, मात्र वितरकाच्या बिलावर एक किंमत आणि बाटलीवर दुसरी, असा प्रकार होऊन माल परत येतो. श्री. भोईर पहिला खोका उघडला की बाटली फिरवून मागची किंमत आणि मुदत वाचतात, फरक आढळल्यास कप्प्यात पुठ्ठ्याची आडकाठी लावून दोन्ही माल वेगळे करतात आणि साठा विभागाला त्याच वेळी कळवितात. ऑगस्टमध्ये शाम्पूच्या एका मोठ्या मागणीत त्यांनी हा फरक पिकिंग सुरू होतानाच दाखवून दिल्याने गाडी भरण्याआधी माल बदलता आला. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि त्यात गेलेला वेळ त्यांच्याच वेगाच्या हिशेबातून वजा झाला.

गुण : 5 पैकी 4.5.

वेग (भारांक 25 टक्के)

वेगाचे उद्दिष्ट ताशी 58 लाइन आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात श्री. भोईर यांचा सरासरी वेग 53 आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात 60 राहिला. हे आकडे असेच वाचले, तर त्यांनी पहिल्या सहामाहीत ढिलाई केली आणि नंतर सुधारणा केली असा समज होईल व तो चुकीचा ठरेल. सप्टेंबरअखेरपर्यंत ते सी विभागात होते, जिथे कमी खपाचा माल वरच्या पातळ्यांवर असतो आणि रीच ट्रकने पॅलेट खाली येईपर्यंत पिकरला थांबावे लागते. हा थांबलेला वेळ आपली यंत्रणा पिकरच्याच नावावर टाकते. सी विभागातील सर्व पिकरांची सरासरी त्या काळात 49 होती, म्हणजे श्री. भोईर तिथे इतरांच्या पुढे होते. ऑक्टोबरमध्ये ते वेगाने खपणाऱ्या मालाच्या ए विभागात आले, जिथली सरासरी 62 आहे आणि तिथे ते दोन लाइनींनी मागे आहेत. सारांश, अवघड विभागात ते सरस ठरले आणि सोप्या विभागात किंचित कमी पडले. ए विभागातील त्यांची कमतरता मुख्यतः ट्रॉली लावण्याच्या पद्धतीमुळे आहे. ते ट्रॉली रांगेच्या तोंडाशी ठेवून दोनदा फेरी मारतात, ती सोबत नेल्यास हा फरक भरून निघेल.

गुण : 5 पैकी 3.5.

सुरक्षिततेच्या सवयी (भारांक 20 टक्के)

या निकषावर श्री. भोईर यांच्याविषयी समाधान आणि काळजी दोन्ही नोंदविणे भाग आहे. सुरक्षा बूट आणि चमकपट्टीचे जॅकेट ते कधीही टाळत नाहीत, फोर्कलिफ्टच्या मार्गातून चालत नाहीत, तुटकी पॅलेट दिसली की ती बाजूला काढून लाल चिठ्ठी लावतात. पावसाळ्यात एका रॅकच्या उभ्या खांबाला फोर्कलिफ्टचा धक्का लागून तो गुडघ्याच्या उंचीवर किंचित वाकला होता. पाळीतल्या इतरांनी ते पाहून सोडून दिले, परंतु श्री. भोईर यांनी त्या खणाचे पिकिंग थांबवून मला बोलावून आणले आणि वरच्या तिन्ही पातळ्या रिकाम्या होईपर्यंत तिथे कोणाला जाऊ दिले नाही. वाकलेला खांब भाराखाली अचानक बसतो व शेजारच्या खणांनाही ओढतो, हे लक्षात घेता त्या दिवशी त्यांनी दाखविलेला आग्रह पूर्णपणे योग्य होता आणि त्याबद्दल केंद्राने त्यांचे लेखी आभार मानावेत अशी माझी शिफारस आहे.

याच माणसाला डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा दोन वेळा मी स्वतः रॅकच्या खालच्या आडव्या पट्टीवर पाय देऊन दुसऱ्या पातळीवरचा खोका ओढताना पाहिले. दोन्ही वेळा त्यांना तोंडी समज दिली आहे. याशिवाय जूनमध्ये हातमोजे न घालता कटरने प्लॅस्टिकचे आवरण कापताना त्यांच्या अंगठ्याला जखम झाली आणि प्रथमोपचार द्यावा लागला. घाईच्या दिवसांत वीस किलोंहून जड खोके ते एकटेच उचलतात, ही तक्रार त्यांच्या सहकाऱ्यांनीही केली आहे. दुसऱ्यांच्या जिवाची इतकी काळजी घेणारा कामगार स्वतःच्या बाबतीत घाई करतो, हे मला पटत नाही. पट्टीवर चढण्याचा प्रकार पुन्हा घडल्यास लेखी ताकीद दिली जाईल, याची जाणीव त्यांना चर्चेत दिली आहे.

गुण : 5 पैकी 3.

गैरहजर सहकाऱ्यांच्या जागी काम करण्याची तयारी (भारांक 15 टक्के)

आपल्या पाळीतील अनेक पिकर महाड, माणगाव, खेड या भागांतले असल्याने गणपतीत त्यांची रजा ठरलेली असते, तर दिवाळी ते छठ या काळात उत्तर प्रदेश व बिहारमधील सहकारी गावी जातात. नेमक्या याच दिवसांत मालाची मागणी सर्वाधिक असते. पडघ्यातून येणारे श्री. भोईर जवळ राहतात, म्हणून पहिला फोन त्यांनाच जातो. वर्षभरात त्यांना 31 वेळा विचारले गेले. त्यांपैकी 26 वेळा ते आले, 24 वेळा पाळीनंतर दोन तास थांबून आणि 2 वेळा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. पाच वेळा त्यांनी नकार दिला, तो प्रत्येक वेळी विचारताक्षणी आणि स्पष्टपणे दिला, त्यामुळे मला दुसरी सोय करता आली. त्यांपैकी दोन नकार मुलाच्या दहावीच्या परीक्षेच्या काळातले आहेत. हे पाचही नकार मी गुण देताना विचारात घेतलेले नाहीत आणि वरिष्ठांनीही घेऊ नयेत, कारण जादा वेळ थांबणे हा कामगाराचा होकार असतो, त्याची बांधिलकी नसते.

आता सुरुवातीला उल्लेखिलेली बाब. जादा थांबलेल्या त्या 48 तासांत श्री. भोईर यांनी सुमारे 2,400 लाइन पिक केल्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या जेमतेम सव्वादोन टक्के, आणि 117 पैकी 22 चुका त्याच तासांतल्या आहेत. ते तास वगळले, तर त्यांची अचूकता 99.91 टक्के होते. सकाळी साडेसहाला कामाला लागलेला माणूस दुपारी तीननंतरही उभा राहून बारकोड आणि बॅच वाचत असेल, तर डोळे आणि पाय थकणारच. या चुका त्यांच्या निष्काळजीपणातून आलेल्या नसून आपल्या नियोजनातून आलेल्या आहेत. म्हणून यापुढे पाळीनंतर थांबणाऱ्या कोणत्याही पिकरला सुट्या मालाचे पिकिंग देऊ नये, पूर्ण खोक्यांचे पिकिंग किंवा पॅकिंगचे काम द्यावे, अशी शिफारस मी करीत आहे.

याच संदर्भात दोन गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 नुसार जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. तो श्री. भोईर यांना मिळाला आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी केलेल्या दोन दिवसांपैकी एका दिवसाची बदली सुट्टी अद्याप बाकी आहे. तसेच ऑक्टोबरमध्ये दोनदा त्यांना गाडी उतरवण्यासाठी डॉकवर पाठविले गेले. ते काम माथाडी मंडळात नोंदणी असलेल्या टोळीचे आहे, ते पिकरला सांगणे योग्य नव्हते, आणि असे पुन्हा होणार नाही याची व्यवस्था मी केली आहे.

गुण : 5 पैकी 4.

कामगाराचे म्हणणे

दिनांक 9 एप्रिल 2025 रोजी हा अहवाल श्री. भोईर यांना मराठीत वाचून दाखविला आणि त्यावर पाऊण तास चर्चा झाली. त्यांनी तीन मुद्दे मांडले. पहिला असा की, रीच ट्रकची वाट पाहण्याच्या वेळेसाठी स्कॅनरमध्ये वेगळी नोंद असावी. दुसरा असा की, चार रांगांसाठी एकच चाकांची शिडी असून ती बहुधा टोकाच्या रांगेत अडकलेली असते आणि ती आणण्यात वेळ जातो, म्हणून पट्टीवर पाय दिला गेला. आपले चुकलेच, हे त्यांनी मान्य केले. तिसरा असा की, आदल्या दिवशी सांगितले तर घरची सोय लावता येते, त्यामुळे दुपारी अडीचला विचारण्याची पद्धत बंद व्हावी. तिन्ही मुद्दे मला रास्त वाटतात. शिडी दूर असणे हे पट्टीवर चढण्याचे समर्थन होऊ शकत नाही, म्हणून गुणांत बदल केलेला नाही, मात्र आणखी दोन शिड्यांची मागणी खरेदी विभागाकडे पाठविली आहे.

एकूण गुण आणि शिफारशी

भारांकानुसार एकूण गुण 5 पैकी 3.88 होतात. श्री. भोईर यांना त्या श्रेणीची पूर्ण वेतनवाढ मिळावी. किंमत, मुदत आणि बॅच यांतील फरक ओळखण्याचे त्यांचे कसब पिकिंगपुरते अडकवून ठेवणे केंद्राच्या तोट्याचे आहे, म्हणून जूनपासून त्यांना साठामोजणीचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे आणि साठा सहायकाची पुढील जागा भरताना त्यांचा प्रथम विचार व्हावा. पुढील वर्षासाठी ए विभागात ताशी 62 लाइनचा वेग, 99.9 टक्के अचूकता आणि रॅकवर चढण्याची एकही घटना नसणे ही उद्दिष्टे त्यांच्या संमतीने ठरविली आहेत. मासिक जादा थांबण्यावर त्यांच्यासाठी तीन वेळांची मर्यादा असेल आणि त्यासाठीची विचारणा आदल्या दिवशी दुपारपर्यंत केली जाईल. बाकी असलेली बदली सुट्टी 30 एप्रिलपूर्वी, त्यांच्या पसंतीच्या दिवशी दिली जाईल. सहामाही आढावा ऑक्टोबर 2025 मध्ये घेतला जाईल.