थांब चिनू, आधी हात!
(अॅनिमेशनपटाचा व्हॉइसओव्हर, इयत्ता पहिली-दुसरी. आवाज: गोष्ट सांगणारी ताई)

टण् टण् टण्! मधली सुट्टी झाली! हा बघा आपला चिनू, परळच्या चाळीतला. डब्यात काय आहे? वास आला का? बटाट्याची भाजी!

चिनू, थांब! हात दाखव बरं.

स्वच्छ दिसतायत, नाही? पण सकाळी बसमध्ये दांडा कोणी धरला होता? मैदानात लगोरी कोणी रचली? आणि मघाशी शिंक आली तेव्हा हात कुठे होता? (थांबा. चिनू हात पाठीमागे लपवतो.)

आता जादूचं भिंग आणू या. अबब! केवढे हे जंतू! एरवी डोळ्यांना दिसतच नाहीत. घासाबरोबर पोटात गेले, की पोट दुखतं, जुलाब होतात.

चिनू म्हणतो, "मी पाण्याने धुतो की!" बरं. वडापाव खाल्ल्यावर नुसत्या पाण्याने बोटांचं तेल जातं का? नाही! बोटं बुळबुळीतच राहतात. साबण मात्र हुशार. एका हाताने तेल-मळ धरतो, दुसऱ्या हाताने पाणी. मग पाणी निघालं, की मळ आणि जंतूही त्याच्यासोबत निघाले. टाटा!

चला, हात ओले करा. साबण लावा. आता नळ बंद! आपलं पाणी पार शहापूरकडच्या तानसा-भातसाच्या तलावांतून येतं. वाहून कशाला घालवायचं?

आता माझ्याबरोबर म्हणा, सावकाश:

तळव्यावर तळवा, घासू घासू,
फेसाचे ढग बघून हसू हसू.
हात करू पालथे, पाठ चोळू,
बोटांत बोटं घालून खेळू खेळू.
अंगठेबुवा बसले रुसून,
मुठीत धरून फिरवू कसून.
नखांत लपलाय मातीचा चोर,
तळव्यावर घासू, लावू जोर!

संपलं? छे! चिनूने तर अंगठ्याला नुसता हात लावला. सगळेच अंगठा विसरतात, मोठी माणसंसुद्धा! पुन्हा एकदा म्हणू या. घासायचं पूर्ण 20 सेकंद. (गाणं पुन्हा. मुलांना म्हणायला वेळ द्या.)

आता नळ सोडा, फेस धुऊन टाका. नळ नसेल, तर मित्राला सांगा, तांब्याने हातावर पाणी घाल.

अरे अरे चिनू! पँटला नको पुसू! तीच पँट घालून घसरगुंडीवर बसला होतास ना? रुमाल काढ. धुतलेला आहे ना? शाब्बास. नाहीतर हात हवेत झटक, वाळतील.

जेवायच्या आधी धुवायचे, आणि शी करून आल्यावरही. हसताय काय? तेव्हा तर नक्कीच!

उघड आता डबा. आणि ही कोण धावत आली? मुक्ता! खेळून आली, थेट चिनूच्या भाजीकडे हात!

चिनू तिला काय म्हणेल? मोठ्याने सांगा!

(मुलांचा आवाज) "थांब मुक्ता, आधी हात!"