विषय: निचऱ्यावरचा लेख – फक्त सारांश वाचून कळवलेला अभिप्राय

प्रिय सुप्रिया,

मेल मिळाली. सोबत अभिप्रायाचा फॉर्म आहे, पण लेख नाही, नुसता सारांश आहे. फॉर्ममध्ये 'संशोधन पद्धती', 'सांख्यिकी' आणि 'संदर्भसूची' यांना पाचपैकी गुण द्यायचे आहेत. न पाहिलेल्या पेपरला गुण देत नाहीत, हे तुला वर्गातच सांगितलंय. ते रकाने कोरे ठेवलेत आणि शेऱ्यात 'केवळ सारांश पाहिला' असं लिहून सही केली आहे. तुमच्या विभागात हे चालणार नसेल तर फॉर्म दुसऱ्या कुणाकडून भरून घे. माझी काही हरकत नाही.

खाली लिहितोय ते सारांश वाचताना जिथे अडलो तेवढंच. यातलं बरंचसं लेखात असेलही. असेल तर त्यातली दोन-चार वाक्यं सारांशात आण.

सगळ्यात मोठी अडचण ईसीची. 'भूमिगत निचरा बसवल्यावर ईसी 9.8 वरून 3.6 वर आली' असं लिहिलंयस. नमुने कोणत्या महिन्यात घेतले? वाळवा तालुक्यातल्या काळ्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यात पाणी खालून वर ओढलं जातं, उडून जातं आणि क्षार वरच्या थरात साठतात. सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरी खपली दिसते ती हीच. पाऊस पडला की तेच क्षार खाली उतरतात. आधीचा नमुना मे महिन्यातला आणि नंतरचा ऑक्टोबरमधला असेल, तर पाईप न टाकताही ईसी उतरलेली दिसेल. नमुन्याची खोलीही दिलेली नाही. वरच्या वीतभर मातीवरून निचऱ्याचा निकाल लावता येत नाही, मुळ्या जातात तिथपर्यंतचे थर हवेत. आणि शेजारचा पाईप न टाकलेला प्लॉट तुलनेला घेतला होता का? सारांशात त्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर सगळा लेख लंगडा पडतो, आणि हे मी लेख न पाहताही म्हणू शकतो.

दुसरं त्यालाच लागून. ईसी 4 च्या वर गेली की जमीन खारवट, ही सीमा मातीच्या संपृक्त अर्काची आहे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. त्यात त्याच मातीचं रीडिंग बरंच कमी येतं. तुझे 3.6 तसे मोजलेले असतील तर जमीन अजून खारवटच आहे, आणि 'जमीन पूर्णपणे सुधारली' हे शेवटचं वाक्य उलटं पडतं. कसं मोजलं ते आकड्याशेजारीच लिही.

पीएच आणि विनिमययोग्य सोडियमबद्दल अवाक्षर नाही. पीएच 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण जमीन. तिथे नुसता निचरा पुरत नाही, जिप्सम लागतं. शेतकऱ्यांनी जिप्सम टाकलं असेल तर त्याचं श्रेय पाईपला जातंय.

उत्पादन हेक्टरी 48 टनांवरून 86 टनांवर गेलं म्हणतेस. आधीचं पीक खोडवा आणि नंतरचं आडसाली असं तर नाही ना? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, खोडवा साधारण वर्षात तुटतो. दोन्हींची हेक्टरी टनांत सरळ तुलना केलीस तर कारखान्याचा चिटबॉयसुद्धा हसेल. शिवाय तुझा काळ 2018 ते 2022. मधे ऑगस्ट 2019 चा आणि जुलै 2021 चा असे दोन महापूर येऊन गेले. नदीकाठचे प्लॉट किती दिवस पाण्याखाली होते? पुराच्या गाळाने वरचा थरच बदलला असेल तर तो निचऱ्याच्या खात्यावर कसा मांडायचा?

किरकोळ: `p = 0.000` असं लिहू नकोस. सॉफ्टवेअर तसं दाखवतं, आपण `p < 0.001` लिहायचं. 24 नमुने म्हणजे 24 शेतकरी की सहा शेतांतले चार-चार? दोन्हींत फार फरक आहे. शीर्षकातलं 'सांगली जिल्ह्यातील' काढ. जत-आटपाडीला पाणी जास्त झाल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

विषय मात्र चांगला निवडलायस. निचऱ्याचं पाणी ओढ्यात सोडल्यावर खालच्या गावाचं काय होतं, त्यावरचं तुझं एक वाक्य मला बाकी सारांशापेक्षा जास्त आवडलं. त्याचे आकडे असतील तर ते वर आण.

आता पूर्ण लेख पाठव. तो तयार नसेल तर नमुने घेतल्याच्या तारखांचा तक्ता आणि प्लॉटनिहाय ईसी, पीएचची एक्सेल फाईल एवढं तरी पाठव. छापील प्रत दिलीस तर बरं, स्क्रीनवर तक्ते वाचायला डोळे साथ देत नाहीत. विश्रामबागेत घरीच असतो, संध्याकाळी पाचनंतर कधीही ये.

– सर
सांगली