विषय: ‘झळाळी’ या नावाबाबतचा निर्णय आणि पुढच्या फेरीची दिशा

प्रिय मृणाल,

सस्नेह नमस्कार.

तुम्ही पाठवलेले ‘झळाळी’ हे नाव, त्याची तीन अक्षरचिन्हे आणि सोबतचे टिपण आम्ही दोघी भागीदारांनी आठवडाभर समोर ठेवून पाहिले. पुष्कळ विचारानंतर हे नाव न घेण्याचा निर्णय आम्ही केला आहे. फोनवर दोन वाक्यांत नकार कळवणे तुमच्या कामाला न्याय देणारे ठरले नसते, म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहे. पुढच्या फेरीत काय शोधायचे हेही त्या कारणांतूनच स्पष्ट होईल असे वाटते.

सर्वांत मोठे कारण अर्थाचे आहे. आम्ही जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती करतो आणि ते पुन्हा वापरात आणून देतो, पण ते नवे दिसावे असा आमचा प्रयत्न कधीच नसतो. गेल्या महिन्यात एक आरामखुर्ची आली होती. तिचा एक पाय सांध्यातून निखळला होता आणि पाठीची एक पट्टी तडकली होती. उजव्या हातावरचे पॉलिश मात्र वर्षानुवर्षे हात टेकून टेकून पूर्ण गेले होते आणि खालचे लाकूड गुळगुळीत, गडद झाले होते. खुर्ची देताना त्या बाईंनी एवढेच सांगितले, की बाकी काय हवे ते करा, पण या हाताला पॉलिशपेपर लावू नका, इथे बाबांचा हात असायचा. आम्ही पाय बसवला, पट्टीत जुन्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन पातळ हात बाकीच्या भागाला दिले आणि तो हात जसाच्या तसा ठेवला. आमच्या कामाचे वर्णन कोणी विचारले तर मी हीच खुर्ची दाखवेन. ‘झळाळी’ हा शब्द नेमके याच्या उलट आश्वासन देतो. तो वाचून येणारा माणूस चकचकीत पृष्ठभागाची अपेक्षा घेऊन येईल, आणि आम्ही त्याची वस्तू तिच्या वयासकट परत दिली तर काम अर्धवट राहिले असे त्याला वाटेल. त्यात त्याची चूक नसेल, कारण नावानेच त्याला तसे सांगितलेले असेल.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. आम्ही सुरुवातीला दिलेल्या माहितीत कामाआधीची आणि कामानंतरची छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवली होती. अशा जोडीत डोळ्यांत भरतो तो पॉलिशचाच फरक. तुम्ही त्या सामग्रीवरून या शब्दापर्यंत पोहोचलात हे अगदी स्वाभाविक होते. सामग्री आम्हीच चुकीची निवडली होती.

दुसरे कारण उच्चार आणि लेखन यांचे आहे, आणि ते आम्हाला आधी सुचले नव्हते. कानाला हा शब्द फार गोड वाटतो, त्यामुळे मला तो पहिल्या दिवशी मनापासून आवडला होता. पण आमचे बहुतेक ग्राहक प्रथम फोनवर नाव ऐकतात आणि मग रोमन लिपीत टाइप करून शोधतात. म्हणून आम्ही ओळखीच्या नऊ जणांना फोनवर नाव सांगितले आणि ते रोमन अक्षरांत लिहून पाठवायला सांगितले. तिघांनी `zalali`, दोघांनी `jhalali`, एकाने `zhalali` आणि उरलेल्या तिघांनी `jalali` असे लिहिले. मराठीत झ चे उच्चार दोन आहेत, एक ‘झाड’मधला आणि दुसरा ‘झेंडा’मधला, आणि रोमनमध्ये त्यांच्यासाठी ठरलेले एकच अक्षर नाही. ळ साठी तर स्वतंत्र अक्षरच नाही, आणि या एका नावात ळ दोनदा येतो. पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. `jalali` हा शब्द ज्यांना काहीच सांगितलेले नव्हते अशा दोघांना वाचायला दिला, तेव्हा त्यातल्या एकाने तो ‘जलाली’ असा वाचला आणि दुसऱ्याने ‘जळाली’ असा. लाकडाचे काम करणाऱ्या जागेच्या पाटीवर, पावतीवर किंवा ईमेलच्या पत्त्यात ‘जळाली’ असे वाचले जाण्याची शक्यता असलेले नाव मी कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू शकत नाही.

तिसरे कारण नोंदणीचे. आमच्या सल्लागारांनी केलेल्या प्राथमिक शोधात फर्निचर पॉलिशसाठी आधीच नोंदवलेले, उच्चाराने याच्या खूप जवळ जाणारे एक नाव सापडले. मालाच्या आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकूण ४५ वर्ग आहेत. फर्निचर पॉलिश वर्ग ३ मध्ये येते आणि फर्निचर दुरुस्तीची सेवा वर्ग ३७ मध्ये. वर्ग वेगळे असले म्हणून नाव आपोआप सुरक्षित होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ग्राहकापर्यंत जात असतील आणि त्याचा गोंधळ होण्याजोगा असेल, तर हरकत घेतली जाऊ शकते. शिवाय जे नाव मालाचा गुणच सरळ सांगते त्याला नोंदणीत संरक्षण मिळवणे मुळातच अवघड असते. हा मुद्दा एकटा असता तर कदाचित आम्ही पुढचा सल्ला घेतला असता. वरच्या दोन कारणांनंतर ती गरज उरली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिताना मला उत्साह वाटतो आहे ती सांगते. तुमच्या दुसऱ्या अक्षरचिन्हात पहिल्या दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेचा एक लहान तुकडा किंचित फिकट रंगात बसवलेला आहे, दोन्ही टोकांना तिरका काप देऊन, अगदी आमचे कारागीर तडकलेल्या फळीत नवा तुकडा बसवतात तसा. टिपणात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. माझ्या भागीदाराने ते चित्र पाहिले आणि कितीतरी वेळ ती त्या जोडावरच बोट ठेवून बसली होती. आमचा व्यवसाय त्या तुकड्यात नेमका उतरला आहे: जोड दिसतो, तो लपवलेला नाही, आणि त्याच्यामुळे रेषा पुन्हा अखंड झाली आहे. म्हणून आमची विनंती अशी, की पुढच्या फेरीत नावावरून चिन्हाकडे न जाता या जोडावरून नावाकडे या. हे चिन्ह कायम ठेवायचे आहे असे धरूनच चला.

अर्थाची दिशा त्यातूनच निघते. चमक, नवेपणा, सोने, तेज, सौंदर्य यांच्या आसपासचे शब्द पूर्ण बाजूला ठेवावेत. ‘वारसा’, ‘ठेवा’, ‘परंपरा’ यांसारखे भारदस्त शब्दही नकोत, कारण आमच्याकडे येणाऱ्या वस्तू संग्रहालयात जात नाहीत, त्या पुन्हा रोज वापरल्या जातात. जोडणे, सावरणे, टिकणे, हाताळणे, पुन्हा उभे राहणे या क्रियांच्या जवळचा शब्द हवा. लाकूडकामातल्या शब्दांकडेही जरूर पाहा, मात्र प्रत्येक शब्दाच्या मागचे काम तपासून घ्या. ‘रंधा’ आम्हाला सुचला होता, पण रंधा लाकूड तासून कमी करतो, आणि आम्ही शक्य तितके मूळ लाकूड राखतो. ‘पाचर’ हा शब्द सांध्याच्या दृष्टीने चोख आहे, पण ‘पाचर मारणे’ म्हटले की दुसऱ्याच्या कामात अडथळा आणणेच आठवते. ‘सांधा’ अर्थाने सर्वांत जवळ आला होता, पण तो ऐकताच निम्म्या लोकांना गुडघेदुखी आठवली. ही नावे तुम्ही पुन्हा सुचवू नयेत यासाठी नव्हे, तर आमचा विचार कोणत्या वाटेने गेला ते कळावे म्हणून लिहिली आहेत.

अर्थहीन, घडवलेला शब्द घ्यावा का, असे तुम्ही विचारले होते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये ‘कोडॅक’ हे नाव तसेच घडवले होते आणि नोंदणीच्या दृष्टीने अशी नावे सर्वांत भक्कम असतात, हे मला मान्य आहे. पण अशा शब्दात अर्थ भरायला जो प्रचार लागतो तो आमच्यासारख्या सहा माणसांच्या व्यवसायाला झेपणारा नाही. ओळखीचा मराठी शब्द अनपेक्षित जागी वापरलेला आम्हाला अधिक आवडेल.

रचनेबाबत काही अटी आहेत. नाव दोन किंवा तीन अक्षरांचे असावे आणि त्यात ळ, ण, झ आणि जोडाक्षर नसावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दुसराच अर्थ होईल असा शब्दही नको, कारण रोमनमध्ये तो फरक पुसला जातो. ध आणि भ यांच्याबाबत तुमचे मत हवे आहे: या अक्षरांची शिरोरेषा मुळातच तुटक असते, त्यामुळे तुमचा बसवलेला तुकडा आणि अक्षराची स्वाभाविक फट यांत गोंधळ होईल असे मला वाटते, पण याचा निर्णय तुमच्या डोळ्यांवर सोपवते. चिन्ह १६ × १६ पिक्सेलमध्येही तपासा. ‘झळाळी’ त्या आकारात पाहिले तेव्हा दोन्ही ळ बुजून काळे ठिपके झाले होते.

आणखी एक तपासणी आवर्जून करावी. प्रत्येक नावाला विभक्ती लावून ते वाक्यात बोलून पाहा: ‘कपाट अमुककडे दिले आहे’, ‘अमुकमधून फोन आला होता’. आकारान्त पुल्लिंगी शब्दाचे सामान्यरूप झाले की नाव बदलते, ‘सांधा’चे ‘सांध्याकडे’ होते, आणि मग लोक कधी मूळ रूप वापरतात, कधी बदललेले. बोलताना ज्याचे रूप तसेच राहते, असा शब्द मिळाला तर तो तोंडातोंडी लवकर रुळेल.

या वेळी दहा नावांची यादी नको. तीनच नावे पाठवा, प्रत्येकासोबत चार ओळींचे कारण आणि शिरोरेषेतला जोड दाखवणारे एक साधे रेखाटन असावे. रंग आणि पाटीचे नमुने नंतर पाहू. १८ तारखेपर्यंत ती मिळाली तर २० तारखेला सकाळी अकरा वाजता फोनवर बोलू आणि त्याच दिवशी एक नाव नोंदणीच्या शोधासाठी पाठवू. ही फेरी मूळ करारातल्या दोन फेऱ्यांत धरू नये. दिशा आमच्या सामग्रीमुळे चुकली होती, त्यामुळे तिचे वेगळे देयक पाठवावे.

त्या आरामखुर्चीची चार छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तिसरे छायाचित्र नुसत्या उजव्या हाताचे आहे. काम सुरू करण्यापूर्वी ते एकदा मोठे करून पाहावे, ही विनंती.

आपली,
अनघा