शुक्रवारच्या माझ्या मेसेजबद्दल माफी

काका, नमस्कार.

शुक्रवारी दुपारी ग्रुपवर मी लिहिलं, "वाचून काम करायची सवय नाही का? दोन्ही नोझल काढा." पहिलं वाक्य अपमानाचं होतं आणि ते तुमच्याच हाताखालच्या पोरांसमोर गेलं. मनापासून माफी मागतो. बाहेरचे इन्स्पेक्टर तेव्हा समोर उभे होते, पण ते कारण म्हणून सांगत नाहीये. चूक तुमची असती तरी तसं लिहायला नको होतं.

आणि चूक तुमची नव्हतीच. संध्याकाळी बे मधल्या बोर्डावरचं ड्रॉइंग पाहिलं. ते रिव्हिजन १ होतं, आणि नोझलच्या टेबलात ४ इंच, क्लास १५० वर तुमची तांबड्या पेन्सिलीची खूण होती. तुम्ही वाचूनच फ्लँज लावले होते. क्लास ३०० करणारं रिव्हिजन २ सोमवारी माझ्याकडे आलं. मी रजिस्टरला नोंद केली, पण तुम्हाला प्रत दिली नाही आणि जुनी परतही घेतली नाही. ४ इंचाला दोन्ही क्लासमध्ये बोल्टची भोकं आठच, पीसीडी मात्र १९०.५ ऐवजी २००. फिटअपला भोकांची नुसती संख्या मोजून फरक कळणार नव्हता.

ग्रुपवर आत्ताच मराठीत आणि गुजरातीत लिहिलंय की ड्रॉइंग माझ्याकडून पोचलं नव्हतं आणि माझी भाषा चुकली. जुना मेसेज काढून टाकलेला नाही, त्यालाच उत्तर दिलंय; पोरांनी तो वाचला होता, तर हेही वाचू दे.

आता कामाचं. फ्लँज फक्त टॅकवर आहेत. ३०० चा वेल्डनेक साधारण १० मिमी जास्त उंच असतो आणि प्रोजेक्शन तेच ठेवायचंय, म्हणजे पाइप तेवढा कमी करावाच लागेल. टॅकचा भाग त्यातच निघून जाईल. कापण्याआधी नव्या फ्लँजची उंची प्रत्यक्ष मोजू, रूट गॅप धरून मार्किंग तुम्ही करा. फ्लँज स्टोअरमधून मी काढून आणतो, हीट नंबर सर्टिफिकेटशी मीच जुळवतो. रीवर्कचे तास माझ्या नावावर टाका, रिपोर्टमध्ये कारण 'ड्रॉइंग वेळेवर दिलं नाही' असंच लिहिलंय.

यापुढे नवं रिव्हिजन आलं की मी स्वतः बे मध्ये येईन, जुन्या प्रतीवर 'रद्द' मारून ती परत नेईन आणि नवीवर तुमची सही घेईन. कुठे काही खटकलं तर ग्रुपवर न लिहिता आधी तुम्हाला फोन करेन.

शनिवारपासून इन्स्पेक्शनचा निरोप तुम्ही हेल्परकडून पाठवताय. तुमचा राग रास्त आहे. उद्या साडेआठला, शिफ्ट लागायच्या आत, मकरपुऱ्याच्या गेटवर चहाला येतो. समोर येऊनही माफी मागायची आहे. नको वाटलं तर नुसतं "नंतर" लिहा, मी थांबेन.